महिनाअखेरची ड्यू डेट मार्चपासून २८ वर अडकली, EDATE चुकतंय की मी?

स्नेहल_कुपवाड | ४ एप्रिल २०२६, रात्री ९.४०

नमस्कार. मी सांगलीजवळच्या एका कोल्ड स्टोरेजचा हिशोब बघते. आमच्याकडे बेदाणा असतो, १५ किलोचे बॉक्स, आणि भाड्याचं बिल दर महिन्याला निघतं. बऱ्याच पार्ट्यांशी बोली एकच आहे की पैसे महिनाअखेरपर्यंत द्यायचे. काहींची तारीख ठरलेली आहे, ५, १० किंवा ३०.

एकूण ४३ खाती आहेत. एक्सेलच्या शीटमध्ये B कॉलमला पहिली ड्यू डेट लिहिली आणि पुढच्या महिन्यासाठी शेजारच्या सेलमध्ये हे टाकून उजवीकडे ओढत नेलं:

```
=EDATE(B2,1)
```

जानेवारीला ३१ आली, फेब्रुवारीला २८ आली. दोन्ही बरोबर, म्हणून मी पुढे बघितलंच नाही. मार्चला २८ आली, एप्रिललाही २८ आणि तिथून वर्षभर २८च.

२९ मार्चला सकाळी शीटवरून "मुदत संपली" असे मेसेज गेले. त्यातल्या एका व्यापाऱ्याचं बिल १८,००० होतं. आमचा उशिराचा आकार महिन्याला शेकडा दीड, म्हणजे दिवसाला ९ रुपये. त्यांनी ३१ तारखेला चेक आणून दिला तर माझ्या शीटने तीन दिवसांचे २७ रुपये लावले. त्यांनी कराराचा कागद काढून माझ्या टेबलावर ठेवला आणि "महिनाअखेर" या शब्दावर बोट ठेवलं. एकवीस वर्षं माल ठेवणारा माणूस. मला फार वाईट वाटलं.

चूक कुठे आहे आणि कायमची कशी सुधारायची, ते सांगा.

---

अमोल_विटा | ४ एप्रिल, रात्री १०.०५

EDATE बरोबर आहे ताई, तुमची ओढण्याची पद्धत चुकली. तुम्ही दर महिन्याला मागच्या महिन्याच्या उत्तराला एक महिना जोडताय. मूळ तारखेपासून मोजा. वरच्या ओळीत 0, 1, 2, 3 असे आकडे लिहा आणि सगळीकडे हा एकच फॉर्म्युला:

```
=EDATE($B2,D$1)
```

D1 मध्ये 0, E1 मध्ये 1, असं पुढे. विषय संपला.

---

कर_सल्लागार_सातारा | ४ एप्रिल, रात्री १०.२०

महिनाअखेर कुठून आली? मासिक भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-१ ची ११ तारीख आणि ३बी ची २०. शीटमध्ये ११ आणि २० टाका, EDATE ला काहीच अडचण येणार नाही.

---

स्नेहल_कुपवाड | ४ एप्रिल, रात्री १०.३१

सर, रिटर्नच्या तारखांचा प्रश्न नाही. आमच्या पार्टीने आम्हाला भाडं कधी द्यायचं, ती तारीख.

अमोल, लगेच करून बघते.

---

तात्या_मिरज | ५ एप्रिल, सकाळी ७.१५

अमोलने सांगितलेलं अर्धं बरोबर आहे. आधी हे का होतं ते बघू, कारण ते कळल्याशिवाय उरलेलं अर्धं सापडणार नाही.

एक्सेलच्या लेखी तारीख म्हणजे नुसता आकडा. ३१ जानेवारी २०२६ म्हणजे 46053, २८ फेब्रुवारी म्हणजे 46081. EDATE त्या आकड्यावरून दिवस काढतं, महिना पुढे सरकवतं आणि तो दिवस त्या महिन्यात नसला तर शेवटच्या दिवशी थांबतं. म्हणून ३१ जानेवारीचा २८ फेब्रुवारी झाला. पण सेलमध्ये आता फक्त 46081 उरलं. हा २८ मुळात ३१ होता, हे कुठेच लिहिलेलं नाही. पुढच्या सेलने तो २८ बघितला आणि २८ मार्च दिला. फेब्रुवारी हा असा दरवाजा आहे की त्यातून मान खाली घालून गेलेली तारीख पलीकडे गेल्यावर पुन्हा मान वर करत नाही.

अमोलच्या पद्धतीत दर वेळी ३१ जानेवारीच विचारली जाते, म्हणून मार्चला ३१ परत येते. आता स्नेहलताई, तुमच्या शीटमध्ये २८ फेब्रुवारीला सुरू झालेली खाती आहेत का ते बघा. बेदाण्याचा नवा माल फेब्रुवारीपासून यायला लागतो, म्हणजे असणारच.

---

स्नेहल_कुपवाड | ५ एप्रिल, सकाळी ११.५०

तात्या, अगदी तसंच झालंय. महिनाअखेरची १७ खाती बिघडली होती. त्यातली ११ जानेवारीपासूनची, ती सगळी सुधारली: ३१, २८, ३१, ३०, ३१. उरलेली ६ फेब्रुवारीत माल आलेली, पहिली ड्यू डेटच २८ फेब्रुवारी. त्यांना अजूनही २८ मार्च, २८ एप्रिल असंच येतंय.

---

अमोल_विटा | ५ एप्रिल, दुपारी १२.१०

मग त्या सहांना ३१ स्वतःच घाला:

```
=DATE(YEAR($B2),MONTH($B2)+D$1,31)
```

---

स्नेहल_कुपवाड | ५ एप्रिल, दुपारी १२.४०

मार्चला ३१ आली. पण एप्रिलच्या जागी १ मे दिसतेय आणि फेब्रुवारीच्या खाली ३ मार्च.

---

तात्या_मिरज | ५ एप्रिल, दुपारी १.०५

DATE कधी थांबत नाही, दिवस जास्त झाले की पुढच्या महिन्यात सांडतं. एप्रिलचा ३१ वा दिवस म्हणजे १ मे, फेब्रुवारीचा ३१ वा म्हणजे ३ मार्च. त्याच सांडण्याचा उलटा उपयोग जुने लोक करायचे: पुढच्या महिन्याचा शून्यावा दिवस मागितला की या महिन्याचा शेवटचा मिळतो. २००३ च्या एक्सेलमध्ये EDATE आणि EOMONTH साठी वेगळं अ‍ॅड-इन चालू करावं लागायचं, नाहीतर `#NAME?` यायचं. तेव्हा मी सगळं त्या शून्यावर चालवलं. २००७ पासून दोन्ही आतच आहेत, त्यामुळे आता सरळ हे वापरा:

```
=EOMONTH($B2,D$1)
```

EOMONTH तारखेतला दिवस बघतच नाही. महिना बघतं, सांगितले तितके महिने पुढे जातं आणि तिथला शेवटचा दिवस देतं. २८ फेब्रुवारी द्या नाहीतर ३ फेब्रुवारी द्या, 1 म्हटलं की ३१ मार्चच येणार. २०२८ च्या फेब्रुवारीत २९ ही आपोआप येईल.

फॉर्म्युला टाकल्यावर सेलमध्ये 46112 असं काही दिसलं तर घाबरू नका. तो ३१ मार्चच आहे, फक्त सेलला तारखेचं फॉरमॅट द्यायचं राहिलंय.

---

अमोल_विटा | ५ एप्रिल, दुपारी १.२०

मग सगळ्या ४३ ओळींना EOMONTH लावून कंडका पाडा की.

---

तात्या_मिरज | ५ एप्रिल, दुपारी १.३२

नको. ज्यांची ठरलेली तारीख ५ किंवा १० आहे तेही महिनाअखेरला जातील, ते निदान लगेच डोळ्यात भरेल. ज्यांची तारीख ३० आहे त्यांचं काय? ३० जानेवारी, २८ फेब्रुवारी, ३० मार्च, असं EDATE मूळ तारखेवरून बरोबर देतं. EOMONTH त्यांना ३१ मार्च देईल. एका दिवसाचा फरक, वर्षभर कुणाच्या लक्षात येणार नाही.

---

अमोल_विटा | ५ एप्रिल, दुपारी २.००

बरं, मग शीटलाच ओळखू दे. पहिली तारीख महिन्याचा शेवटचा दिवस असेल तर EOMONTH, नाहीतर EDATE:

```
=IF($B2=EOMONTH($B2,0),EOMONTH($B2,D$1),EDATE($B2,D$1))
```

आमच्या दुकानाच्या उधारीला मी हेच लावलंय, दोन वर्षं काही तक्रार नाही.

---

स्नेहल_कुपवाड | ५ एप्रिल, संध्याकाळी ६.१५

मी हा लावला आणि कराराचे कागद घेऊन एकेक ओळ ताडून बघितली. नव्या मुलाने मार्चमध्ये भरलेल्या दोन ओळी तेवढ्या बघायच्या राहिल्या. बाकीच्यांत ४० बरोबर, एक चुकली.

तासगावची दोन खाती आहेत, दोघांचीही पहिली ड्यू डेट २८ फेब्रुवारी २०२६. एकाच्या कागदावर "महिनाअखेर" लिहिलंय. दुसऱ्याच्या कागदावर "दर महिन्याच्या २८ तारखेस", कारण त्यांचं सोसायटीचं काही तरी २५ च्या आसपास जमा होतं. B कॉलममध्ये दोघांचा आकडा एकच, 46081. शीटला फरक कळणार कसा?

---

तात्या_मिरज | ५ एप्रिल, संध्याकाळी ६.५०

कळणारच नाही. माझं सगळं म्हणणं या एका जोडीत आलं, ताई. "महिनाअखेर" ही बोली आहे, ती तारखेत नसते, कागदावर असते. तारखेवरून ओळखायला गेलात की अंदाज झाला, मग तो कितीही हुशार असो. बोलीला स्वतःचा कॉलम द्या.

C कॉलममध्ये प्रत्येक खात्यासमोर "अखेर" किंवा "तारीख" लिहा आणि D2 पासून हे:

```
=IF($C2="अखेर",EOMONTH($B2,D$1),
 IF($C2="तारीख",EDATE($B2,D$1),"तपासा"))
```

शेवटचं "तपासा" गाळू नका. ते नसेल तर "अखेर" च्या पुढे चुकून एक स्पेस पडली तरी ती ओळ मुकाट्याने EDATE कडे जाईल आणि पुन्हा २८ वर अडकेल. हाताने टाईपही करू नका. Data Validation मधून दोन शब्दांची यादी द्या, म्हणजे निवडायचंच काम राहील.

पडताळणीसाठी "अखेर" च्या ओळींना कुठेतरी बाजूला हे लावा:

```
=DAY(D2+1)=1
```

उद्या १ तारीख असेल तर आज महिनाअखेर. `FALSE` दिसलं तिथे गडबड.

आणि एक काम आधी करा. मार्चपर्यंतची जी बिलं छापून गेली, त्यांच्या तारखा फॉर्म्युल्यात ठेवू नका, कॉपी करून Paste Values करा. नवा फॉर्म्युला टाकला की मागच्या तारखाही बदलतील, मग पार्टीच्या हातातला कागद एक सांगेल आणि तुमची शीट दुसरंच.

---

अमोल_विटा | ५ एप्रिल, संध्याकाळी ७.१०

४३ खात्यांना कॉलम भरणं ठीक आहे. माझ्याकडे सहाशेच्या वर आहेत आणि बोली तोंडी. मी माझाच फॉर्म्युला ठेवणार.

---

तात्या_मिरज | ५ एप्रिल, संध्याकाळी ७.२५

सहाशे भरायची गरजच नाही. पहिली तारीख महिन्याच्या शेवटच्या दिवशी पडते, तेवढीच फिल्टर करा आणि त्यांना एकेकदा विचारा. बाकीच्यांना EDATE च लागणार आहे.

---

छापखाना_कराड | ५ एप्रिल, रात्री ८.४०

मध्येच विचारतो. माझा कराडला छापखाना आहे. एका कंपनीच्या ऑर्डरवर "३० दिवस, महिनाअखेर" असं लिहून येतं. मी `EOMONTH(A2,1)` लावतो, म्हणजे पुढच्या महिन्याची अखेर. त्यांचा अकाउंटंट म्हणतो तुमची तारीख चुकते. माझ्या ३१ जानेवारीच्या बिलाचे पैसे त्यांनी थेट ३१ मार्चला दिले.

---

तात्या_मिरज | ५ एप्रिल, रात्री ९.१०

तो बिलाच्या तारखेत आधी ३० दिवस मिळवतोय आणि मग त्या महिन्याची अखेर घेतोय:

```
=EOMONTH(A2+30,0)
```

३१ जानेवारी अधिक ३० म्हणजे २ मार्च, त्याची अखेर ३१ मार्च. तुमच्या पद्धतीने २८ फेब्रुवारी. पण हे नेहमी तुमच्या विरुद्ध जातं असं नाही. १ जानेवारीचं बिल घ्या: अधिक ३० म्हणजे ३१ जानेवारी, ती स्वतःच अखेर. तुमच्या फॉर्म्युल्याने मात्र २८ फेब्रुवारी.

---

छापखाना_कराड | ५ एप्रिल, रात्री ९.२२

म्हणजे महिन्याच्या १ तारखेला बिल दिलं तर त्यांच्याच हिशोबाने मला महिनाभर आधी पैसे मिळायला हवेत?

---

तात्या_मिरज | ५ एप्रिल, रात्री ९.३०

३१ दिवसांच्या महिन्यात १ तारखेचं बिल असेल तर हो. ३० दिवसांच्या महिन्यात नाही. १ एप्रिल अधिक ३० म्हणजे १ मे, म्हणजे अखेर ३१ मे. ऑर्डरवरच्या तीन शब्दांचे दोन्ही अर्थ निघतात. फॉर्म्युला निवडण्याआधी त्यांच्याकडून एका बिलाचं उदाहरण तारखेसह लिहून घ्या.

---

स्नेहल_कुपवाड | ६ एप्रिल, दुपारी ३.१५

C कॉलम भरला, यादी लावली, मार्चपर्यंतचं Paste Values केलं. आता ४१ ओळी बरोबर येतात. दोन राहिल्या, त्या नव्या मुलाने मार्चमध्ये भरलेल्या आहेत. एकीत सगळीकडे `#VALUE!` आणि दुसरीत पहिली ड्यू डेट ५ मार्च असताना पुढची ५ जून येते.

---

तात्या_मिरज | ६ एप्रिल, दुपारी ४.००

त्याच्या कॉम्प्युटरवर तारखेची सेटिंग अमेरिकन असणार, महिना आधी आणि दिवस नंतर. त्याने 31/03/2026 टाईप केलं. ३१ वा महिना नसतो, म्हणून एक्सेलने तो नुसता मजकूर धरला. असा मजकूर सेलमध्ये डावीकडे चिकटून दिसतो, खरी तारीख उजवीकडे. 05/03/2026 मात्र त्याने आनंदाने ३ मे म्हणून घेतलं.

---

स्नेहल_कुपवाड | ६ एप्रिल, दुपारी ४.१२

पण मग ३ जून यायला हवी होती. मला ५ जून दिसतेय.

---

तात्या_मिरज | ६ एप्रिल, दुपारी ४.२०

दिसतंय 06/03/2026, बरोबर? तुम्ही ते आपल्या सवयीने वाचताय की त्याच्या कॉम्प्युटरवर वाचताय, हे बघा. सेलचं फॉरमॅट बदलून महिना अक्षरात आणा.

---

स्नेहल_कुपवाड | ६ एप्रिल, दुपारी ४.३५

हो. अक्षरात ३ जूनच आली. मी बिल बघून ५ तारीख मनात धरली होती आणि शीटमध्ये फक्त 06 वाचला. आणि B मध्ये ३ मे आहे.

---

तात्या_मिरज | ६ एप्रिल, दुपारी ४.५०

`#VALUE!` वाली ओळ सोपी: ती सेल निवडून Text to Columns, तिसऱ्या पायरीला Date आणि DMY. पण ३ मे वाली त्याने सुधारणार नाही, ती एक्सेलच्या मते धडधडीत तारीख आहे. ती कागद बघून हातानेच बदला. त्याने मार्चपासून जे जे भरलं आणि ज्यात दिवस १२ किंवा त्याच्या आत आहे, ते सगळं एकदा ताडा. आणि आजपासून शीटभर महिना अक्षरात दिसेल असं फॉरमॅट ठेवा.

---

गणपती_पेठ | ६ एप्रिल, रात्री ९.००

मी पैसे देणाऱ्यांच्या बाजूचा. माझा हळद-बेदाण्याचा धंदा, माल कोल्डला असतो. तुमचा महिनाअखेर बरोबर आला तरी माझी अडचण राहतेच. २८ फेब्रुवारीला चौथा शनिवार होता, बँक बंद. ३१ मेला रविवार आहे. मी चेकवाला माणूस. मग माझी मुदत कधी संपली म्हणायची?

---

अमोल_विटा | ६ एप्रिल, रात्री ९.१५

काका, एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास चालू आहे. रविवारीही जातं.

---

गणपती_पेठ | ६ एप्रिल, रात्री ९.२५

जातं रे. पण आमच्या पेढीत सही दोन भावांची लागते, मोबाईलवर आम्ही दोघंही करत नाही.

---

तात्या_मिरज | ६ एप्रिल, रात्री ९.५०

अखेरच्या आधीचा कामाचा दिवस हवा असेल तर:

```
=WORKDAY.INTL(EOMONTH($B2,D$1)+1,-1,11,$AA$2:$AA$40)
```

पुढच्या महिन्याच्या १ तारखेवरून एक कामाचा दिवस मागे. 11 म्हणजे फक्त रविवार सुट्टी. AA मध्ये बँकेच्या सुट्ट्या आणि दुसरे-चौथे शनिवार तारखेने लिहावे लागतात, कारण २०१५ पासून ते बंद असले तरी एक्सेलला एक शनिवार सोडून एक ओळखता येत नाही. ३१ मे चा ३० मे होईल. तो पाचवा शनिवार, बँक उघडी. २८ फेब्रुवारीचा २७ होईल.

---

गणपती_पेठ | ६ एप्रिल, रात्री १०.०५

म्हणजे बँक बंद, आणि दिवस माझाच कमी झाला? ते मला मान्य नाही. मुदत पुढच्या उघड्या दिवशी जायला पाहिजे, १ जूनला.

---

तात्या_मिरज | ६ एप्रिल, रात्री १०.१५

तसंही करता येतं, `WORKDAY.INTL(EOMONTH($B2,D$1)-1,1,11,$AA$2:$AA$40)`. मग ३१ मे ची १ जून होईल. आणि २८ फेब्रुवारीची २ मार्च, कारण १ मार्चला रविवार. माझं मत विचाराल तर ड्यू डेट हलवूच नये. बिलावर ३१ मे च राहू द्या, फक्त उशिराचा आकार कधीपासून लावायचा त्याचा वेगळा कॉलम करा.

---

स्नेहल_कुपवाड | ७ एप्रिल, सकाळी ११.२०

मालकांना विचारलं. त्यांनी अजून काही ठरवलेलं नाही. करारात सुट्टीबद्दल एक शब्दही नाही, म्हणून वकिलांना दाखवून सांगतो म्हणाले. तोपर्यंत मेच्या बिलावर ड्यू डेट ३१ मे छापते आणि आकाराचा कॉलम वेगळा काढून २ जूनपासून सुरू करते. ते मालकांनी तोंडी मान्य केलंय.

एप्रिलच्या बिलांची यादी काल काढली. अखेरच्या सगळ्याच ओळींना ३० एप्रिल आली, तासगावच्या दुसऱ्या खात्याला २८. काकांना, म्हणजे आमच्या त्या जुन्या व्यापाऱ्यांना, २७ रुपयांची क्रेडिट नोट घेऊन मी आज दुपारी स्वतः जाणार आहे.